डोळे एकटे आणू नका, चष्म्यासकट अख्खा चेहरा आणा

प्रश्न: बहिणीच्या लग्नातला स्टेजवरचा ग्रुप फोटो आहे, १७ जण. बर्स्टमध्ये ७ फ्रेम आल्यात. चौथ्या फ्रेममध्ये सगळे मस्त आलेत, फक्त मोठ्या काकांचे डोळे मिटलेत, हसतायत मात्र छान. दुसऱ्या फ्रेममध्ये डोळे उघडे आहेत ते कापून फोटोशॉपमध्ये चिकटवले, तर काका घाबरल्यासारखे, वेगळाच माणूस वाटतात. सहावीत पण उघडे आहेत पण तिथे मान जराशी कललीय म्हणून ती घेतली नाही. काकांना चष्मा आहे आणि डोक्यावर फेटा. काय चुकतंय?

उत्तर: तुमचं कापणं चिकटवणं बहुतेक ठीकच असणार, चुकलीय ती फ्रेमची निवड. काका चौथीत मनापासून हसतायत असं तुम्हीच लिहिलंय. माणूस असा हसतो तेव्हा नुसते ओठ हलत नाहीत, गाल वर चढतात, खालची पापणी वर ढकलली जाते, डोळे बारीक होतात आणि कडेला सुरकुत्या पडतात. दुसऱ्या फ्रेममध्ये काका बहुतेक अजून हसायला लागले नव्हते, त्यामुळे तिथले डोळे पूर्ण उघडे, गोल, आणि त्यांच्याखालचा गाल सपाट. आता असे डोळे हसऱ्या तोंडावर बसवले की वरचा अर्धा चेहरा एक सांगतो आणि खालचा दुसरंच, बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही पण घाबरलेला माणूस दिसतो हे खरं. ब्रश कितीही मऊ घेतला तरी हे जात नाही, कारण ही कडांची भानगडच नाही.

म्हणून पहिला नियम असा ठेवा की उघडे डोळे शोधायचे नाहीत, तसंच हसू शोधायचं आणि त्यात डोळे उघडे आहेत का बघायचं. फ्रेम निवडताना डोळे बोटाने झाका आणि फक्त गाल आणि तोंड बघा. गालावरची नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत येणारी घडी दोन्ही फ्रेममध्ये सारखी खोल दिसली तरच ती फ्रेम कामाची. या हिशोबाने तुमची सहावी फ्रेम दुसरीपेक्षा चांगली असण्याची शक्यता जास्त आहे, कारण चौथीत सुरू असलेलं हसू सहावीत अजून चेहऱ्यावर असणार.

तिसरी आणि पाचवी का नको हे पण सांगतो, कारण पुढच्या वेळी मोह होईल. पापणी मिटून उघडायला साधारण ०.१ ते ०.४ सेकंद लागतात. कॅमेरा सेकंदाला १० फ्रेम काढत असेल तर मिटलेल्या फ्रेमच्या लगेच मागची आणि लगेच पुढची फ्रेम बऱ्याचदा पापणी अर्ध्या वाटेत असतानाची असते. छोट्या थंबनेलमध्ये डोळा उघडा वाटतो, झूम केलं की वरची पापणी बुबुळाच्या अर्ध्यावर आलेली, माणूस पेंगुळलेला. वरची पापणी बुबुळाचा वरचा थोडासा भाग झाकते हे नेहमीचंच, पण काळी बाहुली पूर्ण दिसली पाहिजे. ती कापली गेली असेल तर फ्रेम सोडून द्या.

आता मान कललीय म्हणून तुम्ही सहावी टाकलीत, तर मान हलण्याचे दोन प्रकार असतात आणि त्यातला एक सहज सुटतो, एक अजिबात सुटत नाही. खांद्याकडे कललेली मान म्हणजे चेहरा घड्याळाच्या काट्यासारखा फिरलाय, तो फोटोशॉपमध्ये उलटा फिरवला की झालं, ३-४ अंशांपर्यंत काही त्रास नाही. पण मान डावी उजवीकडे वळली असेल, किंवा हनुवटी वर खाली झाली असेल, तर चेहऱ्याची जी बाजू कॅमेऱ्याला दिसतेय तीच बदललेली असते आणि कितीही फिरवा ताणा, बसत नाही. ओळखायचं कसं, तर दोन्ही फ्रेममध्ये नाकाचा शेंडा आणि लांबच्या गालाची कड यातलं अंतर बघा आणि दोन्ही कान बघा. एका फ्रेममध्ये डावा कान पूर्ण दिसतोय आणि दुसऱ्यात अर्धा, तर मान वळलीय, विषय संपला. हनुवटीसाठी नाकपुड्या बघा, जास्त दिसायला लागल्या म्हणजे मान वर गेलीय. तुम्ही 'कललीय' असं लिहिलंय म्हणून मी पहिला प्रकार धरून चाललोय, पण आधी कान तपासा.

अजून एक गोष्ट फक्त लग्नातच होते. स्टेजसमोर आपल्या फोटोग्राफरच्या दोन्ही बाजूला निम्मे नातेवाईक मोबाईल घेऊन उभे असतात आणि प्रत्येकजण 'इकडे बघा' म्हणतो. सहावीत काका तुमच्याच कॅमेऱ्याकडे बघतायत ना ते बघा. बुबुळाच्या दोन्ही बाजूचा पांढरा भाग शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांशी ताडून बघा. १६ जण समोर आणि एकटे काका मावशीच्या मोबाईलकडे, हे प्रिंटमध्ये लगेच कळतं.

फ्रेम ठरली की मग काम. रॉ फाईल असतील तर आधी दोन्ही फ्रेमना अगदी सारखी सेटिंग्ज द्या, व्हाईट बॅलन्स, एक्स्पोजर, सगळं चौथीवरून सिंक करा. फ्लॅश वापरला असेल तर बर्स्टमध्ये पुढच्या फ्रेम थोड्या काळोख्या येतात, कारण फ्लॅश पूर्ण चार्ज व्हायच्या आत पुढचा क्लिक झालेला असतो, तो फरक इथेच एक्स्पोजर वाढवून जवळ आणा. मागे एलईडी वॉल असेल तर तिचा रंग पण काकांच्या गालावर फ्रेमगणिक बदललेला असू शकतो. तो थोडा फरक नंतर काढता येतो.

मग लाइटरूममधून `Open as Layers in Photoshop`, किंवा थेट फोटोशॉपमध्ये `File > Scripts > Load Files into Stack` ने चौथी आणि सहावी फ्रेम एकाच फाईलमध्ये घ्या. सहावी वर, चौथी खाली. दोन्ही लेअर सिलेक्ट करून `Edit > Auto-Align Layers`, त्यात `Auto`. हातात धरलेला कॅमेरा दोन फ्रेमच्या मध्ये थोडा हलतोच, तेवढं यातून निघतं. फोटोच्या कडेला रिकामी पट्टी येईल, ती शेवटी क्रॉप करा.

इथे बरेच जण थांबतात आणि फसतात. ऑटो अलाइनने स्टेज, खांब, मागची फुलं आणि न हललेली माणसं जुळतात, काकांचं डोकं जुळत नाही, कारण हललंय तेच. म्हणून काकांचं डोकं आता स्वतंत्र जुळवायचं. सहावीच्या लेअरवर लॅसोने काकांचा चेहरा फेट्यापासून कॉलरपर्यंत, आजूबाजूला भरपूर जागा सोडून सिलेक्ट करा, `Ctrl+J` ने नवा लेअर, आणि मूळ सहावीचा लेअर बंद. नव्या लेअरवर राईट क्लिक करून `Convert to Smart Object` करून ठेवा, म्हणजे पुन्हापुन्हा फिरवला तरी प्रत्येक वेळी पिक्सेल मऊ पडत नाहीत. ऑटो अलाइनच्या आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करू नका, तिथे ते चालत नाही.

आता त्या लेअरची ओपॅसिटी ५० करा, २०० टक्के झूम, `Ctrl+T`. जुळवायचं कशावर? पापण्यांवर नाही, त्या एका फ्रेममध्ये मिटलेल्या आहेत त्यामुळे त्या कधीच जुळणार नाहीत, आणि भुवयांवर पण नाही, डोळे मिटताना भुवया किंचित खाली येतात. डोळ्याचे नाकाकडचे कोपरे आणि नाकपुड्यांच्या कडा, या जागा डोळा उघडो मिटो हलत नाहीत. उजव्या डोळ्याचा आतला कोपरा आधी बसवा, तिथे फिरवण्याचं केंद्र आणा (नव्या व्हर्जनमध्ये ते दिसत नसेल तर वरच्या पट्टीत डावीकडे त्याची टिक आहे), आणि मग लेअर फिरवत डाव्या डोळ्याचा आतला कोपरा आणि नाकपुड्या त्यांच्या जागी आणा. डोळ्यांना दिसेनासं झालं की लेअरची ओपॅसिटी १०० करून ब्लेंड मोड `Difference` करा, जिथे दोन्ही लेअर जुळतात तिथे काळं होतं, न जुळलेल्या कडा उजळ रेघेसारख्या दिसतात. नाक आणि चष्म्याचा पूल जवळपास काळे झाले की पुरे, पापण्यांच्या जागी उजळ राहणारच. जुळवताना लेअर १०२-१०३ टक्क्यांपेक्षा मोठा करावा लागला तर थांबा, एवढ्या वेळात काकांचं डोकं मोठं झालेलं नाही, तुम्ही वळलेली मान ताणून बसवताय. जुळलं की मोड परत `Normal`, ओपॅसिटी १००.

`Alt` दाबून लेअर मास्कच्या बटणावर क्लिक करा, काळा मास्क येतो आणि चौथी फ्रेम परत पूर्ण दिसायला लागते. आता पांढऱ्या ब्रशने काका रंगवत आणायचे. आणि इथे तुमच्या केसमधली दुसरी अडचण येते, चष्मा.

चष्म्याच्या काचेच्या आतला डोळा तेवढा आणायचा मोह होतो कारण चष्म्याची फ्रेम म्हणजे आयती कड, पण तसं करू नका. काचेतून दिसणारा चेहरा जागच्या जागी दिसत नाही. काकांचा नंबर मायनस असेल तर काचेतून गालाची आणि कानशिलाची कड आत सरकलेली दिसते, डोळे लहान दिसतात, प्लस असेल तर उलटं. मान एक अंश जरी फिरली तरी हे सरकणं बदलतं, काचेवरची फ्लॅशची चमक पण बदलते. काचेच्या आत एक फ्रेम आणि काचेच्या बाहेर दुसरी असं केलं की चष्मा खोटा दिसतो. चष्मा दोन्ही काचा, पूल आणि कानापर्यंतच्या काड्या मिळून एकाच फ्रेममधला हवा. दोन्ही डोळे पण एकाच फ्रेममधले, एक इथला एक तिथला कधीच नाही.

मग शिवण कुठून न्यायची? वरच्या बाजूला तुमचं नशीब चांगलं आहे, काकांच्या डोक्यावर फेटा आहे. फेट्याची कपाळावरची कड ही स्पष्ट रेघ आहे, रंग एकदम बदलतो, तिथे शिवण टाकली तर कुणाला शोधून सापडणार नाही. फेटा चौथीतला, कपाळ सहावीतलं. फक्त फेट्याची सावली कपाळावर पडते ती सहावीतलीच राहू द्या, म्हणजे ब्रश फेट्याच्या कडेपर्यंत पूर्ण न्या, मध्ये सोडू नका. बाजूला कानाच्या पुढे जिथे केस सुरू होतात तिथून खाली, चष्म्याची काडी कानामागे जाते तिथपर्यंत पूर्ण घ्या. खाली दोन पर्याय. सहावीतलं हसू चौथीसारखंच असेल तर शिवण गालाच्या उंचवट्याखालून, वरच्या ओठाच्या बरीच वरून न्या, तोंड चौथीतलंच ठेवा. थोडा जरी फरक वाटत असेल तर तोंडाचा हट्ट सोडा, हनुवटीपर्यंत अख्खा चेहरा सहावीतला घ्या आणि शिवण जबड्याखालच्या सावलीत टाका. खरं सांगायचं तर मी बहुतेक वेळा हा दुसराच पर्याय आधी करून बघतो, कारण अख्ख्या चेहऱ्यात हावभाव आपोआप जुळलेले असतात आणि शिवण कातडीवरून न जाता कडांवरून जाते. नुसते डोळे आणणं हे शेवटचं, बाकी काही बसतच नसेल तेव्हाचं काम.

ब्रशबद्दल एकच सांगतो पण तेच महत्त्वाचं आहे. सगळीकडे मऊ ब्रश चालवू नका. गालावर, जबड्याखाली, जिथे नुसती कातडी आहे तिथे हार्डनेस ०. पण चष्म्याची काडी, फेट्याची कड, कानाची कड, अशा जिथे धारदार रेघ आहे तिथे हार्डनेस ७०-८० आणि छोटा ब्रश. धारदार रेघेवर मऊ ब्रश चालवला की दोन्ही फ्रेममधली काडी अर्धी अर्धी दिसते, चष्म्याला दोन काड्या आल्यासारखं. आणि कातडीवर पण मऊ पट्टा फार रुंद ठेवू नका, कारण संध्याकाळच्या स्टेजवर आयएसओ ३२०० वगैरे असतं, फोटोत दाणे असतात, आणि जिथे दोन फ्रेम अर्ध्या अर्ध्या मिसळतात तिथे दोन्हीचे दाणे एकमेकांना मारतात आणि जवळपास ३० टक्के कमी होतात. मोठ्या प्रिंटमध्ये मग काकांच्या गालाभोवती एक गुळगुळीत कडं दिसतं, बाकी सगळीकडे दाणे. पट्टा अरुंद ठेवला की हे होत नाही. फिरवल्यामुळे पण आणलेला चेहरा किंचित मऊ पडतो, तेवढ्यापुरता `Filter > Noise > Add Noise` अगदी थोडा, १-२ टक्के, `Gaussian` आणि `Monochromatic` दोन्ही निवडून.

रंगात फरक उरला असेल तर चेहऱ्याच्या लेअरवर `Curves` अॅडजस्टमेंट टाका आणि `Ctrl+Alt+G` ने फक्त त्या लेअरला बांधा, नाहीतर अख्ख्या फोटोचा रंग बदलेल. नजरेवर विश्वास ठेवू नका, आयड्रॉपरने दोन्ही फ्रेममध्ये मानेवरची एकच जागा मोजा आणि लाल, हिरवा, निळा तीन आकडे जवळ येईपर्यंत तीन चॅनल वेगवेगळे हलवा. मान यासाठी की तिच्यावर चमक कमी असते, कपाळावर घाम आणि फ्लॅश असल्यामुळे आकडे फसवतात.

तपासायचं कसं, तर सगळ्यात वर एक तात्पुरता `Curves` लेअर टाका आणि त्यात कॉन्ट्रास्ट वेड्यासारखा वाढवा, एकदम उभा एस. साध्या फोटोत न दिसणारी शिवण यात चटकन दिसते, कुठे रंग तुटलाय, कुठे कडं आलंय, सगळं. दुरुस्त करा आणि तो लेअर काढून टाका. मग `Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal`, फोटो आरशासारखा उलटला की चेहरा अनोळखी होतो आणि वाकडेपणा, एक डोळा वर एक खाली, हे दिसायला लागतं. शेवटी झूम एवढं कमी करा की अख्खा ग्रुप एकदम दिसेल, आणि काकांकडे न बघता पूर्ण ओळीवरून नजर फिरवा. नजर काकांवर अडखळली तर अजून काहीतरी बाकी आहे, आणि माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा हसू नाहीतर नजरेची दिशा असते, शिवण क्वचितच.

फोटोशॉप नसेल तर गिंपमध्ये पण हे काम होतं, `File > Open as Layers` ने दोन्ही फ्रेम घ्या, मास्क आणि `Difference` मोड तिथे पण आहे, फक्त हाताने जुळवावं लागेल. एका चेहऱ्यासाठी तसं पण हातानेच जुळवायचंय.

आता सहावीत मान वळलेलीच निघाली तर? मग उलटं करून बघा. दुसरी फ्रेम खाली मुख्य म्हणून घ्या आणि तिथे कोणाचं काय बिघडलंय ते मोजा. काका तिथे कमी हसतायत पण त्यांचा स्वतःचा चेहरा एकसंध आहे, आणि त्या फ्रेममध्ये ज्या एक दोन जणांची गडबड असेल ते बिनचष्म्याचे, कडेला उभे असलेले असतील तर त्यांचे चेहरे चौथीतून आणणं काकांचा चष्मा सोडवण्यापेक्षा कितीतरी सोपं पडतं. तीन चारपेक्षा जास्त जण बदलावे लागत असतील तर मात्र नको, तेव्हा चौथीच घ्या आणि काकांचा हनुवटीपर्यंतचा अख्खा चेहरा दुसरीतून आणा, थोडा कमी हसरा का होईना. आणि दुसरीत काचेवर फ्लॅशची पांढरी चमक डोळ्यावरच आली असेल तर ते पण जमणार नाही, त्या चमकेखाली डोळ्याचा काही तपशीलच उरलेला नसतो, मग त्याच ग्रुपचा आधीचा किंवा नंतरचा वेगळा क्लिक शोधा, काका त्याच जागी त्याच उजेडात उभे असतील तर बर्स्टमधलाच हवा असं काही नाही.